आराम पडला

मेहकरच्या बसस्टँडसमोर बी-बियाण्यांचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर कॉल सेंटर. खालून खतांचा वास जिन्याने वर चढतो आणि वरच्या एसीत येऊन बसतो. मंजुश्रीला त्या वासाचं आता काही वाटत नसे. तसं तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

राम गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. राम म्हणजे तिचा नवरा. सुलतानपूरच्या शिवारात एका विहिरीवर मोटर दुरुस्त करायला गेला आणि शॉक लागून तिथेच राहिला. त्यानंतर लोक बसायला येत राहिले. जो येई तो विचारी, "कसं झालं व?" आणि मंजुश्री सांगे. सकाळी चहा घेऊन गेले, विहिरीवर मोटर बसवत होते, लाइन बंद केली होती ती कोणीतरी चालू केली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पहिल्यांदा सांगताना ती मध्येच थांबली होती. पुढे पुढे थांबणं बंद झालं. मग वाक्यं लहान झाली. शेवटी शेवटी ती रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगावा तसं सांगू लागली, आणि ऐकणारे डोळे पुसत असताना ती गॅसवर भाजी लागत तर नाही ना याचा विचार करत असे.

म्हणून नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाने जे सांगितलं ते तिला मनापासून पटलं होतं. "ग्राहकाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावू नका," तो म्हणाला होता. "आपलं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे."

कंपनी घरी ऑक्सिजनची मशीन भाड्याने देणारी. विदर्भ-मराठवाड्यात कुठेही. फोन आला की आधी यंत्रच बोले. बाईचा आवाज होता, म्हणून सगळ्या मुली तिला 'आतली बाई' म्हणत. आतली बाई नाव विचारी, अडचण विचारी, जमेल ते सोडवी. नाही जमलं, किंवा माणसाशीच बोलायचं असं कोणी म्हटलं, की फोन या मजल्यावर येई. आणि फोन वाजायच्या आत पडद्यावर समरी उमटे. कोण बोलतंय, काय अडचण आहे, काय करून झालं, माणूस चिडलाय की शांत, पुढे काय करायचं. चार-पाच ओळी. त्याच ग्राहकाचे आधीचे फोन असले तर त्यांच्या समऱ्याही ती बाई वाचून घेई आणि त्यांना धरूनच नवी लिही. खाली एक लहानसं बटण होतं. ते दाबलं की ग्राहक आणि आतली बाई यांचं मूळ बोलणं शब्दाला शब्द दिसे. पण तेवढा वेळ कुणाला? मुलींनी समरी वाचायची आणि पुढून सुरू करायचं. "परत सांगा" म्हटलं की महिन्याच्या गुणांतून कपात.

मंजुश्रीचे गुण कधी कापले गेले नव्हते.

त्या दिवशी सकाळचा चहा होऊन गेल्यावर एक फोन आला. पडद्यावर उमटलं: 'खुर्शीदाबी, डोणगाव. पती नजीर यांच्यासाठी मशीन घेतली होती. पेशंट बरे झाले आहेत. मशीनची गरज उरलेली नाही. ग्राहक शांत आहे. मशीन परत नेण्याची तारीख द्यावी.' कारणाच्या रकान्यात 'पेशंट बरे झाले' आधीच भरलेलं होतं.

असे फोन दुर्मीळ. या मशीनी बहुतेक घरांतून दुसऱ्याच कारणाने परत येत. बरे झाल्याचा फोन आला की काय बोलायचं तेही ठरवून दिलेलं होतं, आणि मंजुश्रीने ते ठरल्याप्रमाणे हसऱ्या आवाजात म्हटलं, "नमस्कार खुर्शीदाबी, मी मंजुश्री बोलतेय. तुम्हाला काही परत सांगायची गरज नाही, माझ्यासमोर सगळं आहे. नजीरभाईंना बरं वाटलं हे ऐकून आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला."

पलीकडून काही आलं नाही. फोन तुटला की काय म्हणून मंजुश्रीने पडद्याकडे पाहिलं. चालू होता. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"खुर्शीदाबी?"

"हाव," बाई म्हणाल्या.

"मशीन न्यायला परवा आमचा माणूस येईल. चालेल?"

"चालते."

"आणखी काही मदत?"

"नाही." मग थोडं थांबून, "तुमचं भलं होवो, बेटा."

फोन संपला. मंजुश्रीने पुढचा घेतला.

*

कुलदीप मशीनी पोचवायचं आणि परत आणायचं काम करी. मेहकर, लोणार, रिसोड, असा सगळा पट्टा त्याच्याकडे. त्याच्या मोबाइलवर पत्ता, कारण आणि लागणारे कागद येत. पेशंट बरा झाला असेल तर पेशंटची स्वतःची सही आणि मशीनजवळ उभा असलेला एक फोटो. पेशंट वारला असेल तर घरातल्या कुणाचीही सही पुरे.

डोणगावला तो गेला, दारात उभा राहिला आणि नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला, "पेशंटले बोलवा जी, सही पाहिजे. अन् एक फोटो काढतो."

नजीरभाईंचा मुलगा अकील बाहेर आला. पुढे काय झालं ते कुलदीपने नंतर सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की मशीन न घेता परत आलो, आणि लोकांनी मध्ये पडून सोडवलं.

दुपारी अकीलचा फोन आला. पाच-सहा मुली बसलेल्या होत्या, कुणाकडेही जाऊ शकला असता, पण तो मंजुश्रीकडेच आला. पडद्यावर: 'अकील, ग्राहकाचा मुलगा. मशीन नेण्याची फेरी अयशस्वी. पेशंट सहीसाठी उपलब्ध नव्हते. ग्राहक अतिशय नाराज आहे. दिलगिरी व्यक्त करून पेशंट घरी असतील अशी वेळ विचारावी.'

अतिशय नाराज माणसाशी कसं बोलायचं हे मंजुश्रीला ठाऊक होतं. आवाज खाली, वाक्यं छोटी. "अकीलजी, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते. तुम्हाला परत काही सांगायला लागणार नाही. फक्त एवढं सांगा, नजीरभाई घरी कधी असतील?"

पलीकडे श्वास ऐकू आला.

"काय म्हणलं?"

"सहीसाठी. ते घरी कधी असतील, त्या वेळेला आम्ही—"

"मॅडम," अकील म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडायचं संपून गेलेल्या माणसाचा आवाज होता तो. "माझे अब्बा कबरस्तानात आहेत. तुमच्या त्या मशीनवालीले मी दोनदा सांगतलं, अब्बा नाहीत म्हणून. अब्बा नाहीत. अजून कोणत्या भाषेत सांगू?"

मंजुश्रीच्या हातात पेन होतं, ते तिने खाली ठेवलं. समोर लिहिलं होतं, 'पेशंट उपलब्ध नव्हते.'

"अन् त्या दिवशी माझ्या अम्मीले तुमच्यातलं कोणीतरी म्हणलं, आनंद झाला म्हणून. अम्मीनं मले सांगतलंच नाही. आज या माणसानं फोटो मागतला तवा कळलं. कोण होतं ते?"

"मी होते," मंजुश्री म्हणाली.

अकीलने फोन ठेवला.

तिला वाटलं आता आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने हेडफोन काढला, पाणी प्यायली आणि ते लहानसं बटण दाबलं.

पहिल्या दिवसाचं बोलणं उघडलं. आतल्या बाईने विचारलं होतं, 'मी आपल्याला काय मदत करू?' खाली खुर्शीदाबींचे शब्द होते. 'मशीन घेऊन जा बेटा. अकीलच्या अब्बाले आता आराम पडला. आता गरज नाही राह्यली.' आतल्या बाईने विचारलं होतं, 'मशीन परत करायची आहे, बरोबर?' 'हाव.'

एवढंच.

मंजुश्रीने ते पुन्हा वाचलं. मग कानाला लावून ऐकलंही. कागदावर आराम पडला म्हणजे बरं वाटलं. तिच्या सासूला ताप उतरला की तीही हेच म्हणे. पण आवाजात ते तसं नव्हतं. आवाज ऐकलेल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. आणि तोच आवाज तिच्याही कानावर पडला होता. 'हाव', 'चालते', 'नाही'. तीनदा. समरी वाचून झाली होती, म्हणून तिने आवाज ऐकला नव्हता.

ती उठून योगिनीकडे गेली. योगिनी तिची टीम लीडर, चिखलीची, वयाने तिच्याहून लहान. तिने सगळं ऐकलं, मूळ बोलणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं आई," ती म्हणाली. "एकदा 'बरे झाले' लिहिलं, की पुढचं सगळं त्याच रुळावर. 'नाहीत'चं 'उपलब्ध नाहीत' तिथूनच झालं."

"बदलता येते का?"

"येते ना. तू कारण बदल, हातानं नोंद कर, मी वर कळवते. कुलदीपला नवीन कागद जाईल, मुलाची सही चालेल." मग तिने मंजुश्रीकडे पाहिलं. "तू ठीक आहेस?"

"हो."

"तुझ्या घरी पण झालं ना मागच्या वर्षी. म्हणून विचारलं."

"मी ठीक आहे," मंजुश्री म्हणाली, आणि ते खरंच होतं, त्याचीच तिला जरा भीती वाटली. "मॅडम, मी त्यांना फोन करू का?"

"माफी मागायला? कर. लाइनवरूनच कर, स्वतःच्या मोबाइलवरून नको." योगिनी थोडी घुटमळली. "अन् स्क्रिप्ट राहू दे."

*

फोन खुर्शीदाबींनीच उचलला. मंजुश्रीने नाव सांगितलं. पुढे काय म्हणायचं ते तिने ठरवलं होतं, पण ठरवलेलं तोंडातून आलं नाही. ती घरच्यासारखी बोलली.

"खाला, मले माफ करा. मी तुम्हाले त्या दिवशी लय चुकीचं बोलली. मले माहीत नव्हतं."

"अकील ओरडला का तुम्हाले?"

"नाही. ओरडले असते तरी चाललं असतं."

"तो सगळ्यांवर ओरडून राह्यला सध्या. त्याचं मनावर घेऊ नका." खुर्शीदाबी थांबल्या. "मी इद्दतीत बसली आहे. मालक गेल्यावर चार महिने दहा दिवस बाहेर जाता येत नाही. तो माणूस मशीन न्यायले आला तवा मी आतच होती. बाहेर काय चाललं ते कानावर येऊन राह्यलं होतं, पण मी उठली नाही."

"खाला, त्या दिवशी मले काऊन नाही सांगतलं तुम्ही? मी तसं बोलली तवा?"

"सांगणार होती," खुर्शीदाबी म्हणाल्या. "तोंड उघडलं होतं मी. पण तुम्ही इतक्या खुशीनं म्हणलं ना, बरे झाले म्हणून. मले वाटलं, राहू दे. गावात सगळ्याले माहीत आहे. रोज कोणी ना कोणी येते, रोज सांगा लागते. एक तरी जागा असू दे, जिथं ते बरे झाले. तिकडे तुमच्या हापिसात." त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही. "असं वाटलं खरं. येड्यासारखं आहे ते."

मंजुश्रीने डोळे मिटले. पलीकडची कोंबडी आजही होती.

"मले सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"सगळंच. माझ्यासमोर काहीच लिहिलेलं नाही असं समजा."

आणि खुर्शीदाबींनी सांगितलं. नजीरभाई गाद्या भरायचे. जन्मभर रुई पिंजली. अंगावर, भुवयांवर, दाढीत रुईच रुई. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवशी खुर्शीदाबींना वाटलं होतं, माणूस तर तरणा आहे, अन् भुवया कशा पांढऱ्या? ती रुई छातीत जाऊन बसली. डॉक्टरने मशीन सांगितली. मशीन रात्रंदिवस घरघरायची, आधी त्या आवाजात झोप येईना, मग त्याच्याशिवाय येईना. शेवटच्या दिवशी दुपारी नजीरभाईंनी पाणी मागितलं. त्या पाणी घेऊन आल्या तर संपलं होतं.

"अन् मी मशीन बंद नाही केली," खुर्शीदाबी म्हणाल्या. "नळी नाकात तशीच. मशीन चालू. मी बाजूले बसली, गिलास हातात धरून. अकील आला तवा त्यानं बटण दाबलं. तो म्हणे, अम्मी, कवापासून असं? मले सांगताच आलं नाही. रडू बी नाही आलं. अजून नाही आलं. बाया म्हणतात रड, रडलं पाहिजे. पण येत नाही तं कुठून आणू?"

"माझं पण तसंच आहे," मंजुश्री म्हणाली.

ती हे का म्हणाली, तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुमचं कोण?"

"मालक." आणि तिने तीच वाक्यं सांगितली. चहा घेऊन गेले. विहिरीवर मोटर. लाइन कोणीतरी चालू केली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. ती सांगत असताना तिला स्वतःचाच आवाज आतल्या बाईसारखा ऐकू येत होता, गोड आणि सपाट.

इथवर आलं की लोक 'अरे देवा' म्हणत आणि विषय संपे. खुर्शीदाबी तसं म्हणाल्या नाहीत.

"अन् तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तवा काय करून राह्यल्या होत्या?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. इतक्या माणसांनी कसं झालं ते विचारलं, पण ती कुठे होती, हे नाही.

"मी गच्चीवर होती," मंजुश्री सावकाश म्हणाली. "मिरच्या वाळू घालत होती. फोन आला, त्यानं सांगतलं. मी हो म्हणलं, फोन खाली ठेवला अन् उरलेल्या मिरच्या पसरल्या. सगळ्या. अर्धं पोतं होतं अजून. एक-एक मिरची वेगळी केली, वर फडकं टाकलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग खाली गेली अन् सासूले सांगतलं."

"हां," खुर्शीदाबी म्हणाल्या. जणू कुणीतरी बाजारभाव सांगितला. "हात चालत राहतात."

"हाव. हात चालत राहतात."

लाइन चालू होती. पलीकडच्या खुर्चीवरच्या मुलीने मंजुश्रीकडे वळून पाहिलं आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे पाहिलं.

"मशीन न्या आता," शेवटी खुर्शीदाबी म्हणाल्या. "घरात फार चुप बसली आहे ती. अन् लिहा तुमच्यात, ते गेले म्हणून. बरं नाही दिसत खोटं."

"लिहिते, खाला."

फोन संपल्यावर पडद्यावर नेहमीप्रमाणे समरी आपोआप तयार झाली. 'एजंटने आधीच्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पेशंट नजीर यांचे निधन झाले आहे. मशीन परत नेण्याचे कारण दुरुस्त करावे. मुलाची सही चालेल. ग्राहक शांत आहे.'

मंजुश्रीने ती नीट वाचली. चूक एकही नव्हती. 'ग्राहक शांत आहे' या शब्दांवर ती काही क्षण थांबली, मग ते खोडले. त्यांच्या जागी काय लिहावं हे तिला सुचलं नाही, तेव्हा जागा रिकामीच ठेवली. कारण बदललं. 'सही मुलाची. पेशंटचा उल्लेख दारात करू नये. घरात बाई इद्दतीत आहेत, हळू बोलावे,' एवढं हाताने लिहिलं आणि नोंद पक्की केली.

मशीन दुसऱ्या दिवशी आली. कुलदीपने फोन करून सांगितलं, अकीलने ती स्वतः उचलून गाडीत ठेवली, चहा घ्यायला थांबवलं, दोघांपैकी कुणी मागचं काही काढलं नाही.

योगिनीने वर कळवलं होतं, त्याचं एवढं झालं की पुढच्या महिन्यापासून कुणी मशीन परत न्यायला सांगितलं की आतली बाई सरळ विचारू लागली, 'पेशंट हयात आहेत का?' मग त्या प्रश्नाच्या तक्रारी येऊ लागल्या. पुण्याहून निरोप आला, विचार चालू आहे.

मंजुश्री आता फोन उचलण्याआधी ते लहानसं बटण दाबून मूळ बोलणं पाहू लागली. वेळ जाई. कधी कधी ती समरी वाचूनही म्हणे, "तुम्हीच सांगा, काय झालं." महिन्याअखेरीस गुण कापले गेले. योगिनीने कागद तिच्यापुढे ठेवला, तिने तो घडी घालून बाजूला सारला आणि पुढचा फोन घेतला.

एकदा वरवट बकालच्या एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. 'कडूबा. पत्नीसाठी मशीन. मशीनमधून आवाज येतो. दुरुस्तीसाठी माणूस पाठवावा.' खालचं बोलणंही तिने पाहिलं, तिथेही तेवढंच होतं.

"बोला कडूबाभाऊ," मंजुश्री म्हणाली.

"त्या बाईले सांगतलं ना सगळं," म्हातारा वैतागून म्हणाला. "पुन्हा सांगू?"

"सांगा. कसा आवाज येते?"

म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "आवाज मशीनचा नाही व, पोरी. तिच्या छातीतून येते. मी त्या बाईले मशीनचा म्हणून सांगतलं. ती बाजूलेच पडली आहे, आयकते."

मंजुश्रीने खुर्ची पुढे ओढली. "हळू बोला," ती म्हणाली. "मी आयकून राह्यली. कवापासून येते?"